आठ महिन्यांची फी, बारा महिन्यांचा क्लास

मी सांगलीत राहते आणि ऑनलाइन ब्लाउज शिवायला शिकवते. साधा, कटोरी, प्रिन्सेस कट, मग पॅडेड आणि डिझायनर. जून २०२२ ला सुरुवात केली तेव्हा फी महिना २९९ ठेवली. तो आकडा कसा ठरवला, तर आमच्या गल्लीतली शिलाई बघून. एका अस्तरवाल्या ब्लाउजच्या शिलाईत महिनाभर शिकता येतंय म्हटल्यावर बायका फार विचार करणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. वर्षाची फी हा विषयच नव्हता.

तो निघाला २०२३ च्या दिवाळीत. सगळेच सेल लावतात, आपणही लावू म्हणून चार दिवस ‘वर्षभराची फी निम्मी’ असं जाहीर केलं. बारा महिन्यांचे ३,५८८ होतात, ते १,७९९ ला. ४६ जणींनी घेतलं. चार दिवसांत ८२,७५४ रुपये खात्यात. एवढी रक्कम मी एकगठ्ठा कधी बघितली नव्हती. नवं ओव्हरलॉक मशीन घेतलं, रेकॉर्डिंगसाठी दिवे घेतले, आणि डिसेंबर संपताना खातं उघडलं तर महिन्याच्या ९४ फीऐवजी ६१ च जमा. २८ हजारांचे १८ हजार झाले होते. क्लास मात्र तेवढाच घ्यायचा, शंका तेवढ्याच सोडवायच्या. पुढच्या वर्षाचे पैसे मी मशीनमध्ये घालून बसले होते.

तरी मला वाटत होतं, एकूणात फायदाच झाला. खरा हिशोब लागायला पुढची दिवाळी उजाडावी लागली. २०२४ ला त्या ४६ जणींचं वर्ष संपलं. मी शहाणपणा करून यंदा सूट कमी ठेवली, दोन महिने मोफत, म्हणजे २,९९०. अकराच जणींनी भरले. बाकीच्यांचे मेसेज जवळपास एकाच छापाचे: ‘ताई, मागच्या वर्षीसारखी ऑफर कधी लावताय?’ एकीने तर सरळ लिहिलं, ‘घाई नाही, मी थांबते.’ आणखी वाईट म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चौकशी करणाऱ्या नव्या बायकाही थांबल्या होत्या, कारण त्यांना जुन्या मैत्रिणींनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीत निम्म्यात मिळतं.

माझी भाची पतसंस्थेत नोकरीला आहे. तिच्यापुढे रडगाणं गायले तर म्हणाली, “मावशी, सूट किती द्यायची ते नंतर बघू. आधी सांग, बाई येते आणि किती महिने टिकते?” मला सांगता येईना. आठवत होत्या त्या टिकलेल्या, कारण त्याच रोज ग्रुपवर फोटो टाकतात.

मग एका रविवारी आम्ही दोघींनी पहिल्या १०० जणींची यादी काढली, जून ते सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या. त्यांचं वर्ष सेलच्या आधी पुरं झालं होतं, म्हणून आकडे स्वच्छ होते. प्रत्येकीपुढे किती वेळा फी भरली ते लिहिलं. पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्यात ७१, तिसऱ्यात ५४, सहाव्यात ३१, आणि बाराव्यात उरल्या १८. सगळ्या फींची बेरीज ४६५. म्हणजे एक बाई वर्षात सरासरी साडेचार-पावणेपाच वेळा फी भरते आणि मला तिच्याकडून जेमतेम १,३९० रुपये मिळतात. ३,५८८ हा आकडा बहुतेकींच्या बाबतीत कागदावरच होता.

हे बघून मी टाळीच वाजवली. “मग १,७९९ ला दिलं ते बरोबरच की!” भाचीने मान हलवली. सरासरी इथे फसवते, असं तिचं म्हणणं. शंभरातल्या १८ जणी पूर्ण वर्ष टिकतात, त्यांचे ३,५८८ मिळतातच. उरलेल्या ८२ जणींनी मिळून भरल्या २४९ फी, म्हणजे एकीच्या तीन, साधारण ९०८ रुपये. आता १,७९९ ला टिकणारीने वार्षिक घेतलं तर मी १,७८९ रुपये गमावते आणि सुटणारीने घेतलं तर ८९१ रुपये कमावते. थोडक्यात, टिकणारी एक आली तर तिची भरपाई करायला सुटणाऱ्या दोन यायला हव्यात.

आल्या कुठल्या? ४६ जणींची नावं तपासली. २९ जणी आठ महिन्यांहून जुन्या होत्या. नव्या किंवा दोन-तीन महिन्यांच्या १७. अगदी उलटं प्रमाण. जुन्यांपैकी दहा जणी पुढे सुटल्याच असत्या असं धरलं, तरी १९ जणींमागे ३४ हजार गेले आणि २७ जणींकडून २४ हजार आले. आणि हे स्वाभाविकच होतं. जिला माहीत आहे की मी वर्षभर शिकणार, तीच निम्म्या किमतीवर आधी उडी मारणार. जिचं स्वतःचंच नक्की नाही, ती १,७९९ तरी कशाला अडकवेल?

त्यानंतर आम्ही तोच हिशोब वेगवेगळ्या किमतींना लावून पाहिला. २,९९० ला टिकणारीमागे ५९८ जातात आणि सुटणारीमागे २,०८२ मिळतात, म्हणजे तीन-साडेतीन टिकणाऱ्यांमागे एक सुटणारी आली तरी भागतं. मला हेच आवडलं होतं. पण २,९९० घेतंय कोण? इथे मला गिऱ्हाइकाच्या बाजूचा हिशोब उमगला. वार्षिक किमतीला महिन्याच्या फीने भागलं की बाईने स्वतःवर किती महिन्यांचा विश्वास ठेवायचा ते कळतं. २,९९० म्हणजे दहा महिने. तीन महिन्यांत सुटणाऱ्या बाईला दहा महिन्यांची खात्री वाटायला सांगणं म्हणजे जरा जास्तच. १,७९९ म्हणजे सहा महिने, पण तिथे मी बुडते. मधे आठ महिने बसत होते: २,३९९. टिकणारीमागे १,१८९ जातात, सुटणारीमागे १,४९१ येतात. पाच टिकणाऱ्यांमागे चार सुटणाऱ्या आल्या की बरोबरी. हे जमण्यासारखं वाटलं. सांगायलाही सोपं: आठ महिन्यांची फी, बारा महिन्यांचा क्लास. ‘३३ टक्के सूट’ असं लिहून बघितलं होतं, तेव्हा अर्ध्याजणी विचारत होत्या, म्हणजे नक्की किती भरायचे?

नुसती किंमत बदलून सुटणाऱ्या बायका वार्षिककडे येणार नव्हत्या. वेळही बदलावी लागली. पूर्वी फी भरायच्या पानावरच मासिक आणि वार्षिक शेजारी शेजारी असायचं. ज्या बाईने अजून कात्री हातात घेतली नाही, ती वार्षिक का निवडेल? माझ्या क्लासात साधारण विसाव्या दिवशी पहिला ब्लाउज पुरा होतो. मुंढा नीट बसलाय, गळा ओढत नाही, आणि बाई आरशासमोर उभी राहून फोटो पाठवते. आता वार्षिकचा मेसेज मी त्या फोटोनंतर पाठवते. आधी भरलेले २९९ वळते करून २,१०० भरायचे. हे जुन्यांनाही खुलं ठेवलं, लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. पण वर्षभर तीच किंमत, त्यामुळे झुंबड उडाली नाही.

दुसरी गोष्ट सुटणाऱ्यांबद्दल. मी धरून चालले होते की फी थांबली म्हणजे बाई कंटाळली. ताज्या सुटलेल्या २० जणींना फोन लावले, तर सात जणी म्हणाल्या, “मी कुठे सोडलंय, ताई?” यूपीआय ऑटोपेमध्ये पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना जाते. ती सूचना दोघींच्या नवऱ्यांनी वाचली आणि हे कसले २९९ म्हणून मॅन्डेटच रद्द केलं. पाच जणींच्या खात्यात त्या दिवशी पैसे नव्हते. ज्या तारखेला नाव घातलं त्याच तारखेला फी कापली जायची, मग ती २८ असो की ३०. महिनाअखेरीला २९९ सुद्धा नसतात हो खात्यात. आता नवीन मॅन्डेटची तारीख १० ठेवते आणि आदल्या दिवशी माझा स्वतःचा मेसेज जातो: ‘उद्या क्लासची फी जाईल, या महिन्यात बोटनेक शिकतोय.’ हे आधी केलं असतं तर कदाचित सेलचं सुचलंच नसतं.

वार्षिक विकायचं तर नवव्या महिन्यात शिकवायला काहीतरी हवं, हाही प्रश्न होता. तीन महिन्यांत सुटणाऱ्या बऱ्याच जणी कंटाळून नाही, साधा ब्लाउज जमला म्हणून जात होत्या. त्यामुळे वर्ष आधीच आखून दाखवलं: उन्हाळ्यात कॉटन कुर्ती, गणपतीच्या आधी लहान मुलींचं परकर-पोलकं, दिवाळीनंतर लगीनसराईचे आरीवर्कचे ब्लाउज.

परत मागणाऱ्यांसाठी नियमही लिहून टाकला, कारण पहिल्या वर्षी दोघींशी वाद झाला होता. जितके महिने शिकलात तितके २९९ ने वजा, उरलेले परत. तीन महिन्यांनी सोडलं तर २,३९९ मधून ८९७ कापून १,५०२. आठ महिने झाले की परत काही नाही. आणि वार्षिकचे पैसे आता वेगळ्या बचत खात्यात जातात, दर महिन्याला त्यातले २०० मी माझे म्हणून काढते. ओव्हरलॉक मशीन पुन्हा दिसलं तरी.

जानेवारी २०२५ पासून नव्या पद्धतीने आलेल्या पहिल्या १०० जणींचे सहा महिने झाल्यावर आम्ही परत वही उघडली. वार्षिक घेतलं २४ जणींनी, त्यांचे ५७,५७६. उरलेल्या ७६ जणींच्या सहा महिन्यांत २२९ फी, म्हणजे ६८,४७१. मिळून १,२६,०४७. हा आकडा जुन्या शंभराच्या सहा महिन्यांशी ताडायचा मोह होतो, पण ते खोटं ठरेल, कारण वार्षिकमध्ये पुढचे सहा महिनेही आलेत. म्हणून जुन्यांच्या पूर्ण वर्षाशी ताडलं: १,३९,०३५. फरक १२,९८८ चा, म्हणजे ४४ फींचा. सहाव्या महिन्यात १७ जणी मासिक भरत होत्या. तीन महिने त्या टिकल्या की बरोबरी, पुढचं सगळं वरचं. यात तारीख बदलल्याचा वाटा किती आणि वार्षिक किमतीचा किती, हे मात्र वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकदम बदलायला नको होतं, असं भाची अजून ऐकवते.

दिवाळीला सूट नाही. त्याऐवजी वार्षिकवाल्यांना मी कापलेल्या कागदी पॅटर्नचा संच पोस्टाने पाठवते, ३२ ते ४२ मापांचा. मला तो पोस्टासकट ९० रुपयांना पडतो. किंमत पाडली की ती सगळ्यांच्या लक्षात राहते, पॅटर्न फक्त वापरणारीच्या. ‘घाई नाही, मी थांबते’ म्हणणारी अजूनही मासिकच भरते. परवा हिशोब केला, त्या मेसेजनंतर तिने बारा वेळा २९९ भरलेत.