हेटेरोसिस्ट दिसेनात तेव्हा: भातखाचरातलं शेवाळ वाढवण्याचा माझा अनुभव

खाचरातून शेवाळ आणायचं, त्यातला एक चांगला प्रकार वेगळा काढायचा, तो वाढवायचा, सुकवायचा आणि लावणीनंतर पुन्हा खाचरात टाकायचा, म्हणजे तो हवेतला नत्र पकडून भाताला पुरवतो. यातलं बहुतेक काम बिनबोभाट होतं. माझं घोडं अडलं ते शेवाळ वाढवायच्या माध्यमाच्या एका बाटलीपाशी. बाटलीवर लिहिलं होतं ‘बीजी-११’ आणि मागणीच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं ‘बीजी-११ शून्य’. ते शून्य माध्यम बनवणाऱ्या खोलीत कुठेतरी गळालं. नंतर ते परत मिळवायला मला जे करावं लागलं, ते आठवलं की अजून डोकं तापतं.

बीजी-११ हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित शेवाळ, वाढवायचं नेहमीचं माध्यम. त्यात लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. शून्यवाल्या माध्यमात हे नायट्रेट घालतच नाहीत, बाकी सगळं तेच. फरक एवढाच, पण माझं सगळं काम त्या फरकावरच उभं होतं.

ते का, हे सांगायला हवं. ॲनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा हे खाचरातले सायनोबॅक्टेरिया म्हणजे मण्यांच्या माळेसारखे पेशींचे तंतू. पाण्यात विरघळलेला नत्र संपला की तंतूतल्या काही पेशी कायमच्या बदलतात. त्या बदललेल्या पेशी म्हणजे हेटेरोसिस्ट. हवेतला नत्र पकडणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि शेजारच्या पेशी तर प्रकाशसंश्लेषण करून दिवसभर ऑक्सिजनच सोडत असतात. म्हणून हेटेरोसिस्ट आपल्याभोवती जाड आवरण चढवतो, ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणा बंद करतो आणि आत शिरणारा थोडाफार ऑक्सिजन श्वसनात वापरून टाकतो. शेजारच्या पेशी त्याला साखर पुरवतात, तो त्यांना ग्लुटामिनच्या रूपात नत्र देतो. हा सगळा खटाटोप पेशीला महाग पडतो. नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंचे, निदान १६ नग खर्च होतात. त्यामुळे आयतं नायट्रेट किंवा अमोनियम मिळत असेल तर तंतू हेटेरोसिस्ट बनवण्याच्या भानगडीत पडत नाही.

शेवाळ वेगळं काढण्यात काही सांगण्यासारखं नाही. ॲगरच्या बशीवर एकेक तंतू उचलून पुढे नेत राहायचं, झालं. हो, एक मात्र करा, आणि ते सगळ्यात आधी: खाचरातून नमुना आणल्या दिवशीच त्याची स्लाइड बघा आणि फोटो काढून ठेवा. मी काढला होता. त्यात ॲनाबिनाच्या तंतूंवर दर दहा-पंधरा पेशींमागे एक हेटेरोसिस्ट स्पष्ट दिसत होता. पुढच्या सगळ्या वादात तो फोटोच माझ्या बाजूने उभा राहिला.

कल्चर वाढलं तेव्हा बघणारे खूश झाले. गडद निळसर हिरवं, दाट, फ्लास्क हलवला की मखमलीसारखं फिरणारं. स्लाइडवर मात्र लांबच लांब तंतू, सगळे मणी एकसारखे. पहिल्या काही स्लाइडवर तुरळक हेटेरोसिस्ट सापडले, नंतर तेही दिसेनासे झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे. हेटेरोसिस्टचं विभाजन होत नाही आणि तो परत साधी पेशीही होत नाही. नवे बनणं थांबलं की जुन्यांचा वाटा प्रत्येक दुपटीला निम्म्यावर येतो. पाच वेळा दुप्पट झालेल्या कल्चरमध्ये तो मूळच्या बत्तिसाव्या भागाइतका उरतो. म्हणजे कल्चर जितकं जोमाने वाढतं, तितके हेटेरोसिस्ट लवकर दिसेनासे होतात.

मी माध्यमाच्या खोलीत गेले. ‘काका, यात नायट्रेट घातलंय का?’

‘फॉर्मप्रमाणेच बनवलंय, मॅडम.’

‘फॉर्मवर शून्य आहे.’

‘ते टायपिंगचं असेल. बीजी-११ स्टँडर्ड आहे, सगळे तेच नेतात. आणि वाढलंय की छान!’

छान वाढलंय, हीच तर तक्रार होती. पण फॉर्मवर तक्रारीसाठी रकाना नव्हता. ‘माध्यमाचे नाव’ या रकान्यात यादीतलंच नाव चालायचं आणि यादीत शून्यवालं माध्यम नव्हतं. यादीत नवीन नाव घालायचं तर मार्गदर्शकांची सही, विभागाची सही आणि मग खरेदीवाल्यांचा शेरा. एक रसायन वगळण्यासाठी खरेदीवाल्यांचा शेरा कशाला, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. एकाने तर वर शहाणपणा शिकवला, की शून्य म्हणता त्यातही फेरिक अमोनियम सायट्रेट असतंच, मग नत्र काय आणि शून्य काय. ते असतं खरं, पण लिटरला सहा मिलिग्रॅम. कुठे दीड ग्रॅम आणि कुठे सहा मिलिग्रॅम! एवढ्याशा अमोनियमने हेटेरोसिस्ट अडत नाहीत.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना वेगळीच शंका होती आणि ती रास्त होती. नायट्रेटवर बराच काळ वाढवलेल्या कल्चरमध्ये हेटेरोसिस्ट बनवण्याची क्षमताच गमावलेले तंतू माजू शकतात, कारण तिथे त्यांचं काही अडत नाही. किंवा ऑसिलेटोरियासारखा, मुळातच हेटेरोसिस्ट नसलेला, एखादा प्रकार शिरलेला असू शकतो. तेव्हा दोष बाटलीत आहे की शेवाळात, हे आधी ठरवायला हवं होतं.

बाटलीचा निकाल सोपा निघाला. मत्स्यालयाच्या पाण्याची तपासणी करायची नायट्रेटची पट्टी मी न वापरलेल्या माध्यमात बुडवली. दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट म्हणजे लिटरला सुमारे ११०० मिलिग्रॅम नायट्रेट. पट्टीवरचा सगळ्यात गडद रंग याच्या बराच अलीकडे येतो. पट्टी बुडवताच गडद गुलाबी झाली. ऊर्ध्वपातित पाण्यातली पांढरीच राहिली. दोन्ही पट्ट्या कागदाला चिकटवून मी अर्जाला जोडल्या आणि तेव्हा कुठे सह्या हलल्या. तुम्हाला असं कुठे अडवलं तर पत्रं लिहीत बसू नका, पट्टी दाखवा.

सह्या येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं मला जमलं नाही. रसायनं वजन करून नायट्रेटविना माध्यम मी स्वतःच बनवलं. हे करताना सूक्ष्म मूलद्रव्यांचं द्रावण विसरू नका, कारण त्यातल्या मॉलिब्डेनमशिवाय नायट्रोजिनेज बनत नाही. मॉलिब्डेनम नसेल तर हेटेरोसिस्ट दिसतील, पण नत्र पकडणार नाहीत, आणि ही फसगत स्लाइडवर कळत नाही.

मग शेवाळाची परीक्षा. कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या वेगाने फिरवलं, वरचं पाणी ओतून दिलं, नवं माध्यम घातलं आणि असं तीनदा केलं. एकदा धुऊन भागत नाही, कारण तळाच्या गोळ्यात जुनं माध्यम अडकलेलं असतं. दरवेळी दहावा हिस्सा मागे राहिला असं धरलं तर तीन धुण्यांनंतर दीड ग्रॅमचे दीड मिलिग्रॅम होतात. वेग जास्त ठेवलात तर तंतू तुटतात आणि मग हेटेरोसिस्टमधलं अंतर मोजण्यात अर्थ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी कल्चर पिवळट पडलं. इथे घाबरून ते फेकून देणारे पुष्कळ. नत्राची उपासमार झाली की पेशी आपलंच निळं रंगद्रव्य, फायकोसायनिन, मोडून त्यातला नत्र वापरते, पिवळेपणा त्याचा. साधारण २४ तासांत हेटेरोसिस्ट तयार होतात, नत्र मिळू लागतो आणि रंग परत येतो. त्या पिवळट थेंबाची स्लाइड मी तेलाच्या भिंगाखाली ठेवली. तंतूत ठरावीक अंतराने एकेक पेशी शेजारणींपेक्षा थोडी मोठी आणि फिकट होती, कडा जाड, आत कण जवळजवळ नाहीत, आणि जिथे ती शेजारच्या पेशीला जोडलेली होती तिथे दोन्ही टोकांना एकेक चमकता ठिपका. हे ठिपके हीच खूण धरा. मोठी पण दाणेदार, ठिपके नसलेली पेशी दिसली तर तो अकायनीट, म्हणजे सुप्तावस्थेतला बीजाणू. नवखे लोक त्यालाच हेटेरोसिस्ट म्हणून मोजतात. मी हजार पेशी मोजल्या. ७० हेटेरोसिस्ट निघाले. शेकडा पाच ते दहा ही नेहमीची मर्यादा, म्हणजे शेवाळ ठणठणीत होतं. बाटलीच चुकीची होती! तो आकडा मी माध्यमाच्या खोलीत जाऊन मुद्दाम मोठ्याने सांगितला.

यापुढचं काम पटापट झालं. उथळ ट्रेमध्ये माती, थोडं सुपर फॉस्फेट, वर बोटभर-दोन बोटं पाणी आणि आपलं कल्चर. उन्हात जाड साय धरते, मग पाणी आटू द्यायचं आणि पापुद्रे गोळा करायचे. ट्रेमध्ये युरिया चुकूनही नको, कारण कळलंच असेल.

खाचरातही हाच हिशेब लागतो. युरिया पाण्यावर फेकला की पाण्यात अमोनियम होतं, नत्र पकडणारं शेवाळ आपलं काम थांबवतं आणि साधं हिरवं शेवाळ फोफावतं. ते दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका ओढून घेतं की सामू नऊच्या वर जातो आणि टाकलेल्या युरियातलाच काही नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. म्हणजे शेवाळाचाही गेला आणि पोत्यातलाही गेला. युरियाच्या गोळ्या मातीत खोल पुरल्या तर पाण्यात नत्र कमी राहतो आणि दोन्ही गोष्टी साधतात.

भातजमिनीला नत्र पुरवण्यात या शेवाळाचा हात आहे हे पी. के. डे यांनी १९३९मध्येच मांडलं होतं. तरी अपेक्षा बेताची ठेवा. चांगल्या हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतो आणि तोही शेवाळ मेल्यावर, कुजल्यावर, म्हणून काही भाग पुढच्या पिकाला लागतो. हेक्टरी दहा किलो पापुद्रे लावणीनंतर आठवड्याने उभ्या पाण्यात टाकतात. आम्ल जमिनीत ते नीट धरत नाहीत. भाताची सावली दाटली की त्यांची वाढ मंदावते. पाण्यात ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, शिंपल्यासारखे ऑस्ट्राकॉड वळवळताना दिसले तर समजा की शेवाळ फस्त होतंय.

पापुद्रे टाकायच्या आधी त्यातला एक नायट्रेटविना माध्यमात भिजवून खिडकीशी, थेट ऊन लागणार नाही असा ठेवा. पहिल्या स्लाइडवर बहुतेक अकायनीटच दिसतील. ते रुजून तंतू लांबले की मगच हेटेरोसिस्ट मोजा.