२४ × ३० इंची पोर्ट्रेट: रिटचिंग संपल्यापासून छपाईपर्यंत

मागच्या नोंदीत काकूंच्या पोर्ट्रेटचं रिटचिंग उरकलं होतं. आता तीच फाइल २४ × ३० इंचांच्या प्रिंटसाठी तयार करतोय. छपाई लॅबमध्ये होणार आहे, कागद हलक्या चमकीचा, लस्टर. फोटो २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा, प्रकाश एका बाजूने, मागे करड्या रंगाची हळूहळू गडद होत जाणारी पार्श्वभूमी आणि अंगावर गडद लाल शाल. सुरकुत्या मुद्दाम ठेवल्या आहेत. फक्त तात्पुरते डाग, एक-दोन पुटकुळ्या आणि डोळ्यांखालचा निळसरपणा कमी केलाय.

आधी हिशेब. मूळ फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. उभा धरून ४:५ मध्ये कापला की ४००० × ५००० उरतात. ४००० भागिले २४, म्हणजे इंचाला साधारण १६७ पिक्सेल. ‘३०० हवेतच’ असं ठामपणे सांगणारे भेटतात, पण तो आकडा हातात धरून बघायच्या प्रिंटचा आहे. नॉर्मल नजरेला कोनाच्या एका मिनिटाएवढा बारकावा दिसतो असं धरलं, तर ३४३८ ला इंचातल्या अंतराने भागायचं, की त्या अंतरावरून पुरेसे पिक्सेल कळतात. तीन फुटांवरून इंचाला ९५ च्या आसपास, दोन फुटांवरून १४३. म्हणजे भिंतीवरच्या प्रिंटला १६७ भरपूर झाले.

पोर्ट्रेटच्या बाबतीत मात्र हे गणित थोडं फसवं आहे. निसर्गचित्र लोक लांबून बघतात, चेहऱ्याच्या जवळ जातात. या प्रिंटमध्ये काकूंचा चेहरा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत सुमारे दहा इंच भरतोय, म्हणजे खऱ्यापेक्षा मोठा. बघणारा सरळ डोळ्यांपाशी जाऊन उभा राहणार. एका फुटावरून २८६ पिक्सेल लागतात आणि ते आपल्याकडे नाहीत. फाइल मोठी करून नवीन बारकावा काही येत नाही, पण कडा गुळगुळीत वाढतात आणि शार्पनिंगला व ग्रेनला बारीक जाळी मिळते. म्हणून इंचाला ३०० वर नेऊन ७२०० × ९००० करायचं ठरवलं. वाढ १.८ पट, तेवढी चांगल्या फाइलला झेपते.

ही वाढ रिटचिंगच्या आधी करावी की नंतर, यावर आपल्यात नेहमी वाद होतो. माझं मत पक्कं आहे: रिटचिंग मूळ पिक्सेलवर आणि मोठं करणं सगळ्यात शेवटी, एकदाच. आधी मोठं केलं की हीलिंग ब्रश अंदाजाने भरलेल्या पिक्सेलवर चालतो, १६ बिटची लेअरवाली फाइल मशीनला दमवते आणि मुख्य म्हणजे आपण नको तितक्या जवळून बघत कातडी पुसत बसतो. त्यामुळे ४००० × ५००० ची, सगळे लेअर शाबूत असलेली १६ बिटची मास्टर फाइल वेगळी ठेवली. छपाईसाठी तिची कॉपी काढून लेअर एकत्र केले आणि Image Size मध्ये Preserve Details 2.0 निवडून मोठी केली. तिथला नॉइज कमी करायचा स्लायडर शून्यावर. तो सरकवला की छिद्रंच आधी जातात.

मोठी फाइल स्क्रीनवर कशी बघायची, हेही सांगतो. १०० टक्क्यांवर ती प्रिंटपेक्षा कितीतरी मोठी दिसते. माझा मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४० चा, म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल. १०९ भागिले ३००, तर सुमारे ३६ टक्के झूमवर डोळा प्रिंटमध्ये जितका मोठा येईल तितकाच स्क्रीनवर दिसतो. Preferences मध्ये Units & Rulers खाली स्क्रीन रिझोल्यूशन १०९ भरलं की View मधलं Print Size हेच काम करतं. मी रिटचिंगचा शेवटचा हात नेहमी या आकारात तपासतो.

आता या टप्प्यातली खरी गोष्ट. पूर्ण प्रिंट काढण्याआधी तयार फाइलमधून, आकार अजिबात न बदलता, ८ × १० इंचांचा तुकडा कापला, २४०० × ३००० पिक्सेलचा. त्यात एक डोळा, त्याखालचा गाल, कपाळावरची केसांची रेषा आणि शालीचा कोपरा येईल असं बघितलं. त्याच कागदावर तो छापून घेतला. तीन फुटांवरून छान. एका फुटावर आल्यावर गालावरची एक जागा उघडी पडली: भिंतीच्या भेगेत लांबी भरून ठेवावी तशी सपाट, आणि तिच्या चहूबाजूंनी खरी छिद्रंवाली कातडी. मूळ आकारात हा तुकडा नखाएवढा होता, म्हणून खटकत नव्हता. मोठं केल्यावर शेजारची छिद्रं स्पष्ट झाली, शार्पनिंगने ती आणखी उठवली, सपाट जागा मात्र तशीच राहिली. शार्पनिंग पोताला धार लावतं, जिथे पोतच नाही तिथे ते काय करणार?

असे डाग छापण्याआधी सापडतात. सगळ्यात वर एक तपासणी लेअर ठेवायचा: रंग काढून टाकलेला, त्यावर कर्व्हचा कडक एस. फोटो भेसूर दिसतो, पण घासलेली जागा लगेच डोळ्यात भरते. दुरुस्ती मास्टर फाइलमध्ये केली. फ्रिक्वेन्सी सेपरेशनच्या पोताच्या लेअरवर, त्याच गालावरून, प्रकाश त्याच दिशेने पडलेल्या भागातला पोत हीलिंगने आणला. कपाळावरचा पोत इथे चालत नाही, तिथली छिद्रं बारीक असतात आणि त्यांच्या सावल्या वेगळ्या दिशेला पडतात. मग परत कॉपी, परत मोठं करणं. मास्टर लहान ठेवल्याचा फायदा इथे वसूल झाला.

शार्पनिंग अंतिम आकारातच. फाइल बदलली की जुना शार्प लेअर फेकून नवा करायचा, कारण त्रिज्या पिक्सेलमध्ये असते आणि कागदावरची कड इंचात. ३०० ला दीड पिक्सेल म्हणजे इंचाचा दोनशेवा भाग. एवढी कड जवळूनही वेगळी रेघ म्हणून दिसत नाही, नुसता धारदारपणा जाणवतो. सगळ्या लेअरची एकत्र कॉपी वर घेतली, त्यावर Unsharp Mask लावला आणि लेअरचा मोड Luminosity ठेवला, म्हणजे कडांना रंगीत किनार येत नाही:

```
Amount: 120%
Radius: 1.5 px
Threshold: 0
```

मग काळा मास्क. पांढऱ्या ब्रशने पापण्या, भुवया, बुबुळाची कड, ओठांची रेषा, केस आणि शालीची वीण पूर्ण उघडली. कातडी साधारण २० टक्के, पार्श्वभूमी शून्य. Blend If मध्ये खालच्या लेअरचा पांढऱ्या टोकाचा स्लायडर Alt दाबून फोडला आणि अर्धा भाग २२० वर आणला. डोळ्यातल्या चमकेभोवती पांढरी कड फुगते, ती याने आवरते. स्क्रीनवर १०० टक्क्यांत पापण्या थोड्या करकरीत दिसायलाच हव्यात, शाई कागदावर पसरते आणि तेवढं खाऊन टाकते. मॅट कागदावर शाई जास्त पसरते, तिथे मी हाच लेअर आणखी जोरात ठेवला असता.

ग्रेन शार्पनिंगच्या वर. खाली ठेवला तर त्यालाही धार येते आणि गालावर वाळू दिसते. ५० टक्के करड्या रंगाचा लेअर, मोड Soft Light, त्यावर एकरंगी गाउशियन नॉइज ३ टक्के. प्रिंटमध्ये तो ग्रेन म्हणून कळत नाही, पण दुरुस्त केलेली आणि खरी कातडी एकाच कापडाची वाटते. शिवाय करड्या पार्श्वभूमीत रंगाचे पट्टे पडत नाहीत.

रंगाचं काम खरं तर शार्पनिंगच्या आधी झालं होतं. मास्टर Adobe RGB मध्ये आहे. लॅबने कागदाचा प्रोफाइल दिला. View मध्ये Proof Setup, Custom, तिथे तो प्रोफाइल निवडला, Preserve Numbers ची खूण काढली, Black Point Compensation ठेवलं. कातडीला फारसा धक्का लागला नाही, त्वचेचे रंग छपाईच्या आवाक्यात आरामात बसतात. अडचण शालीची. Relative Colorimetric मध्ये कातडी जागच्या जागी राहिली, पण लाल रंगाच्या गडद घड्या एकमेकींत मिसळून सपाट झाल्या. Perceptual मध्ये घड्या परत आल्या, पण गाल किंचित फिके पडले. मी पहिला पर्याय ठेवून फक्त शालीवर मास्क लावला आणि लाल रंगाची तीव्रता घड्या सुट्या होईपर्यंत खाली आणली. पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याला हात लावण्यापेक्षा कपड्याने तडजोड केलेली बरी.

Simulate Paper Color ची खूण केली की सगळा फोटो एकदम मरगळतो. ते बघून लगेच कर्व्ह ओढायला जाऊ नका. आधी स्क्रीनवरचे पांढरे पॅनल झाका आणि मिनिटभर डोळ्याला सवय होऊ द्या. केसांच्या सावलीत तरीही तपशील बुडत होता, म्हणून तिथेच थोडी उचल दिली. मॉनिटर कॅलिब्रेट करून १०० कँडेलाच्या आसपास ठेवलाय. ‘प्रिंट काळी आली’ या तक्रारीत बहुतेक वेळा दोष भगभगीत मॉनिटरचा असतो.

या लॅबला फाइल sRGB मध्ये हवी आहे, कागदाच्या प्रोफाइलमध्ये बदल ते स्वतः करतात. म्हणजे कागदाचा प्रोफाइल आपल्याला फक्त बघण्यापुरता. तो फाइलमध्येही लावला असता तर बदल दोनदा झाला असता. त्यामुळे शेवटी सगळं एकत्र करून Convert to Profile ने sRGB केलं. Assign Profile नाही: त्याने आकडे तेच राहतात, अर्थ बदलतो, आणि Adobe RGB च्या फाइलला sRGB ची चिठ्ठी चिकटवली की कातडी राखाडी, आजारी दिसते. रूपांतरानंतर शाल परत एकदा तपासली, मग ८ बिट करून प्रोफाइल आत ठेवून TIFF सेव्ह केली.

दुरुस्त गालाचा नवा तुकडा छापून आलाय. खिडकीजवळ आणि दिव्याखाली, दोन्हीकडे बघितला, ती जागा आता मलाही शोधावी लागते. पूर्ण फाइल पाठवलीय, सोबत सूचना: आकार बदलू नका, शार्पनिंग आणि ऑटो करेक्शन बंद ठेवा. लॅबच्या सिस्टिममध्ये ते आपोआप चालू असतं, न सांगता पाठवलं तर मास्क करून वाचवलेल्या कातडीवर पुन्हा एकदा धार चढते.