सहलीच्या परिपत्रकातला ‘युनिअर्ज’

जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सुरू झाला आणि त्याच आठवड्यात सातवीच्या सहलीचं परिपत्रक काढायचं होतं. मोठ्या बाईंनी गेल्या वर्षीचा मजकूर माझ्यापुढे ठेवला. “तुम्ही मराठीच्या. यंदा यात एकही इंग्रजी शब्द नको.” सहल नाशकातच होती. सकाळी पांडवलेणी, मग पायथ्याचं फाळके स्मारक, डबा खाऊन दुपारी परत. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. चार दिवस गेले त्यात.

पहिला आळशीपणा माझाच. मजकूर संगणकावर होता, म्हणून ‘फॉर्म’च्या जागी ‘अर्ज’ आणि ‘फी’च्या जागी ‘शुल्क’ घालून सरळ Replace All दाबलं. प्रत छापायला नेताना शिपाईमामा दारातच थांबले. “बाई, हे युनिअर्ज काय असतं?” युनिफॉर्ममधला फॉर्म गेला होता. खाली ‘फीमाफी’ची ‘शुल्कमाशुल्क’ झाली होती आणि सहलीवरच्या उत्तम निबंधाला आम्ही चक्क ‘ट्रॉशुल्क’ देणार होतो.

मग फक्त सुटे शब्द बदलायची खूण करून पाहिली. त्यात उलटा त्रास. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘फीची’, ‘फॉर्मवर’ हे सगळे जसेच्या तसे राहिले. ते हातानं बदलायला बसले तेव्हा कळलं की शब्द एकटा बदलत नाही. ‘फी भरली’ असेल तर ‘शुल्क भरले’ करावं लागतं, कारण फी स्त्रीलिंगी आणि शुल्क नपुंसकलिंगी. ‘फॉर्मवर सही’ चालतं, पण ‘अर्जवर सही’ कानाला खटकतं, तिथे ‘अर्जावर’च हवं.

इथे मी जरा रेंगाळले, कारण गंमत दिसली. फॉर्म हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचं सामान्यरूप सहसा करत नाही. फॉर्मवर, फॉर्मला, असंच म्हणतो. (फलंदाज मात्र ‘फॉर्मात’ असतो. कागद नसतो.) याउलट ‘तिकीट’ बघा. तिकिटाचे पैसे, तिकिटावर, दोन तिकिटं. ‘गरीब’चं जसं ‘गरिबाला’ होताना री ऱ्हस्व होते, तशीच इथे की ऱ्हस्व होते. जो शब्द आपल्या व्याकरणाचे इतके नियम निमूटपणे पाळतो, त्याला परका कसा म्हणायचा? आणि ज्या ‘अर्जा’ला मी शुद्ध मराठी म्हणून आणत होते, तो तरी मुळात अरबीच आहे.

पण मोठ्या बाईंचा हुकूम होता, म्हणून तिकिटालाही हटवलं. ‘स्मारकाच्या तिकिटाचे पैसे’ खोडून ‘स्मारकाचे प्रवेश शुल्क’ केलं. परिपत्रक गेलं ते असं: ‘सहलीस इच्छुक विद्यार्थ्यांच्या पालकांनी सोबतचा अर्ज भरून द्यावा. वाहन शुल्क व प्रवेश शुल्क वर्गशिक्षकांकडे जमा करावे. लेण्यांसाठी १५ वर्षांखालील विद्यार्थ्यांना तिकीट नाही.’ शेवटच्या वाक्यातलं तिकीट नजरेतून सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. पहिला एका आईचा, सातपूरला कंपनीत कामाला जातात त्या. “मॅडम, प्रवेश शुल्क जूनमध्येच भरलंय. आता जानेवारीत परत कसलं?” त्यांचं काय चुकलं? शाळेच्या कागदावर ‘प्रवेश’ म्हणजे शाळेतला प्रवेश. मराठी प्रतिशब्द अचूक होता, पण ती जागा दुसऱ्याच अर्थानं आधी धरलेली होती.

दुसरा फोन एका आजोबांचा. “अर्ज केला तर पोराला घेतीलच ना? किती पोरं निवडणार?” हे तर मला सुचलंच नव्हतं. अर्ज म्हणजे विनंती. ती मान्य होईल किंवा होणार नाही. आम्हाला हवी होती फक्त पालकांची परवानगी. इंग्रजीतला एकच फॉर्म आपल्याकडे निदान तीन कामं करतो. काही मागायचं असेल तर अर्ज, माहितीचे रकाने भरायचे असतील तर प्रपत्र किंवा नमुना, आणि होकार द्यायचा असेल तर संमतीपत्र. कुठला फॉर्म, हे ठरवल्याशिवाय मराठी शब्द निवडताच येत नाही.

तिसऱ्या पालकांनी विचारलं, “तिकीट नाही म्हणजे आत सोडत नाहीत का?” तिकीट हा कागदही आणि त्याचे पैसेही, त्यातून हा घोळ.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये कागद पसरून बसले. एका सरांनी ‘प्रपत्र’ सुचवलं. सरकारी कागदावर ते शोभतं, पण पालकांच्या तोंडी मी ते ऐकलेलं नाही. शिपाईमामा म्हणाले, “नमुना म्हणा की. आमच्या सातबाऱ्यावर नमुना सातच लिहिलेलं असतं.” खरं होतं ते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात हा शब्द कपाटात जपून ठेवलेला. पण सहलीला ‘नमुना भरून द्यावा’ लिहिलं असतं तर सातवीच्या पोरांनी वर्गात एकमेकांकडे बोटं दाखवली असती.

त्याच कागदावर वर ‘क्रमांक’ आणि ‘दिनांक’ होतं, खाली ‘मुख्याध्यापिका’. ‘दिनांक’ आणि ‘मुख्याध्यापक’ हे शब्द सावरकरांच्या नावे सांगितले जातात, म्हणजे इथल्या भगूरच्याच माणसाच्या. त्यावर एकही फोन आला नव्हता. मला वाटतं, दिनांकाला करायला एकच काम आहे आणि कागदावर त्याची जागा ठरलेली आहे, म्हणून तो अडत नाही. ‘शुल्क’ही ‘परीक्षा शुल्क’मध्ये अडत नाही. ‘वाहन शुल्क’मध्ये अडतं, कारण त्यासाठी ‘बसभाडे’ हा धडधाकट शब्द आधीपासून आहे.

मग शब्द सोडले आणि प्रत्येक वाक्यात नक्की काय सांगायचंय ते आधी बोलून पाहिलं. दुसरं परिपत्रक असं झालं: ‘सहलीस येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी सोबतच्या संमतीपत्रावर सही करून द्यावी. बसभाडे व स्मारकाच्या तिकिटाचे पैसे वर्गशिक्षकांकडे द्यावेत व पावती घ्यावी. लेणी पाहण्यासाठी १५ वर्षांखालील विद्यार्थ्यांना पैसे पडत नाहीत. विद्यार्थ्यांनी गणवेशात यावे.’ ट्रॉफीचं ‘चषक’ केलं. फीमाफीची ओळ काढूनच टाकली. सहलीच्या खर्चात ती सवलत लागू नव्हतीच, गेल्या वर्षी कोणी तरी दुसऱ्याच कागदावरून उतरवलेली दिसत होती.

मोठ्या बाईंनी वाचलं. पेन्सिल ‘बस’ आणि ‘तिकिटा’वर थांबली. मी तिकिटाचं सामान्यरूप समजावून सांगितलं, गरिबासकट. बसच्या बाबतीत माझ्याकडे तसा पुरावा नव्हता, कारण ‘बसने’, ‘बसला’ म्हणताना तो शब्द फॉर्मसारखाच ताठ राहतो. पण ‘भाडे’ पुढे जोडलेलं होतं आणि जोडशब्दात तो गपगुमान बसला होता. “राहू दे,” म्हणाल्या आणि सही केली.

शनिवारपर्यंत चार सोडून सगळी संमतीपत्रं आली. फोन एकच आला, डब्यात काय द्यायचं ते विचारायला.