दुबार बिले आणि तपासणीच्या आधी न झालेली जीआरएन

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या अंतर्गत लेखापरीक्षणात दोन वर्षांच्या देयकांमध्ये मला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेल्याची २३ प्रकरणे सापडली. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी कारण म्हणून ‘लेखा विभागातील निष्काळजीपणा’ आणि शिफारस म्हणून ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ असे लिहून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी मसुदा परत करताना एवढेच विचारले, की निष्काळजीपणा असेल तर तो सगळ्या प्रकारच्या बिलांत सारखा विखुरलेला दिसायला हवा; तसा तो दिसतो का?

मी नोंदी पुन्हा उघडल्या. नोंद करणाऱ्या तिघांच्याही हातून कामाच्या प्रमाणात जवळपास सारख्याच चुका झाल्या होत्या, म्हणजे दोष एका माणसाकडे बोट दाखवत नव्हता. पुरवठादारांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे होते: २३ पैकी १९ प्रकरणे जॉबवर्क, म्हणजे कारखान्याच्या मालावर बाहेर ठरलेले काम, करून देणाऱ्यांची होती, आणि त्या प्रत्येक जोडीत एक नोंद खरेदी आदेशावर, तर दुसरी आदेशाशिवाय थेट केलेली होती. खरेदी आदेश, माल आल्याची पावती म्हणजे जीआरएन आणि बिल यांची जुळणी होते तिथे तोच माल दुसऱ्यांदा बिलात आला की ईआरपी ही कारखान्याची संगणक प्रणाली अडवते. थेट नोंदीला ही जुळणीच लागू नसते. दुबार बिल पकडण्याची वेगळी सोय होती, पण ती पुरवठादार, तारीख आणि बिल क्रमांक तंतोतंत जुळले तरच चालते. ईमेलवरील प्रतीतून ‘457’ आणि कागदी बिलावरून ‘JW/457’ असा क्रमांक टाकला गेला, की तिच्या दृष्टीने ती दोन वेगळी बिले ठरतात.

थेट नोंद का केली जात होती? कारण जीआरएन झालेली नसे आणि पैसे तर द्यायचे असत. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच)मुळे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, न दिल्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत लांबत असे. त्यामुळे मुदत जवळ आली, की वित्तप्रमुखांच्या ईमेल मंजुरीवर बिल थेट चढवले जाई. पुढे जीआरएन झाली, की ‘माल आला, बिल नाही’ या यादीत ती दिसे आणि लिपिक कागदी बिल शोधून तेही चढवी. ज्याला मी निष्काळजी म्हटले होते, तो खरे तर आपली यादी चोख निकाली काढत होता.

मग जीआरएनला उशीर का? याचे उत्तर नोंदींमध्ये नव्हते. मी गोदामात गेलो. तिथे ‘का’ हा शब्द मी जपूनच वापरला, कारण लेखापरीक्षकाच्या तोंडी तो जाब विचारल्यासारखा ऐकू येतो. ‘काका, गाडी फाटकातून आत आल्यापासून काय काय होतं ते सांगा,’ असे म्हटल्यावर गोदामपाल मोकळेपणाने बोलले. ‘साहेब, मी जीआरएन केली की माल सिस्टीममध्ये वापरायला खुला होतो आणि प्रॉडक्शनवाले लगेच उचलून नेतात. उद्या क्यूसीने नाकारला तर मी कुठून परत आणू? म्हणून तपासणी झाल्यावरच करतो.’

खरे तर आलेला माल आधी तपासणी साठ्यात जावा यासाठी वस्तूच्या मूळ नोंदीत एक खूण करता येते. मी यादी काढली. खूण असलेल्या वस्तूंची जीआरएन साधारण दुसऱ्या दिवशी होत होती, नसलेल्यांची बारा दिवसांनी, आणि ती १९ही प्रकरणे खूण नसलेल्या वस्तूंची होती. खूण का राहिली? नवीन वस्तूच्या अर्जात तो रकानाच नव्हता आणि अर्ज गुणवत्ता विभागाकडे जातच नव्हता. इथे मी थांबलो. अर्ज मुळात तसा कोणी बनवला, हा प्रश्न पुढे रेटला असता तर हाती अंदाजच लागले असते. बदलता येण्याजोगी गोष्ट सापडली होती.

उरलेली चार प्रकरणे या साखळीत बसत नव्हती आणि ती बसवण्याचा मोह मी टाळला. त्यांत एकाच पुरवठादाराचे दोन संकेतांक होते, त्यामुळे बिल क्रमांक अचूक असूनही दुबार तपासणी चुकली. हे कारण अहवालात वेगळे मांडले.

अर्जात रकाना आला, गुणवत्ता विभागाची सही आवश्यक झाली आणि जुन्या जॉबवर्क वस्तूंवर खूण लावली गेली. तीन महिन्यांनी पाठपुरावा केला तेव्हा जॉबवर्कची थेट नोंद एकही नव्हती. पुरवठादारांचे दुहेरी संकेतांक जीएसटी क्रमांकावरून शोधून एकत्र करण्याचे काम मात्र अर्धेच झाले होते, म्हणून तो मुद्दा मी खुलाच ठेवला.