आमची वाटचाल : फ्लोराइडची सरळ रेषा

पाणी तपासणाऱ्या छोट्या लॅबची वाटचाल लिहायची तर यंत्रांची यादी देऊन फारसं काही कळत नाही. आमच्या लॅबचं खरं वय कर्व्हच्या वहीत दिसतं, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून आखलेल्या रेषांच्या वहीत. म्हणून एकाच चाचणीबद्दल लिहितो, फ्लोराइडबद्दल. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हा कायमचा प्रश्न आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांमध्ये ही चाचणी नेहमीच असते. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1.0 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. म्हणजे सगळा निकाल एवढ्याशा पट्टीत लागतो, आणि ती पट्टी मोजणारी रेषा आपणच आखलेली असते.

आम्ही स्पॅडन्स पद्धत वापरतो. झिर्कोनियम आणि स्पॅडन्स रंग मिळून लाल रंगाचं संयुग होतं. पाण्यातलं फ्लोराइड त्यातलं झिर्कोनियम ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. त्यामुळे ही रेषा चढत नाही, उतरते. फ्लोराइड जास्त तर 570 नॅनोमीटरवरचं रीडिंग, म्हणजे द्रावणाने शोषलेला प्रकाश, कमी. नवीन मुलाला हे दोनदा सांगावं लागतं, आणि दोनदा सांगूनही एक चूक हटकून होते. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन काढताना तो ‘इंटरसेप्ट शून्य’वर टिक करून मोकळा होतो. लोखंडाच्या चाचणीत त्याने तसं केलेलं असतं आणि तिथे ते कसंबसं खपूनही जातं. इथे ब्लँकचं, म्हणजे फ्लोराइड नसलेल्या नुसत्या पाण्याचं, रीडिंगच सगळ्यांत मोठं असतं. रेषा शून्यातून ओढली की उत्तराला काही अर्थ उरत नाही.

सुरुवातीची काही वर्षं आमच्याकडे कर्व्ह एकदाच काढलेला होता. आलेखाचा कागद लॅमिनेट करून रंग मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे स्पेक्ट्रोच्या, वर भिंतीला चिकटवला होता, आणि पट्टी धरून त्याच्यावरून आकडा वाचला जायचा. आता नवीन रिएजंट उघडलं की नवा कर्व्ह काढतो, आणि रोज सकाळी ब्लँक आणि एक तपासणी स्टँडर्ड घेतल्याशिवाय सॅम्पलला हात लावत नाही. जुनी पद्धत कशी फसवत होती ते पुढच्या आकड्यांतून कळेल.

स्टँडर्ड करणं सोपं आहे, पण त्यातच सगळं आहे. वाळवलेलं सोडियम फ्लोराइड 0.2210 ग्रॅम वजन करून 1 लिटर करायचं, की लिटरला 100 मिलिग्रॅम फ्लोराइडचं मूळ द्रावण होतं. ते दहापट पातळ केलं की 10 चं कामाचं द्रावण तयार. ते काचेत न ठेवता पॉलिथिनच्या बाटलीत ठेवतो. या कामाच्या द्रावणाचे 1, 2, 3, 4, 5 आणि 6 मिली घेऊन प्रत्येकी 50 मिली केले की 0.2 पासून 1.2 पर्यंतची स्टँडर्ड मिळतात. सातवं नुसतं डिस्टिल्ड पाणी. प्रत्येकात बरोबर 10 मिली झिर्कोनिल-स्पॅडन्स रिएजंट. स्पेक्ट्रोचं शून्य मात्र पाण्यावर लावत नाही. झिर्कोनियम न घातलेल्या, आम्लातल्या स्पॅडन्सच्या संदर्भ द्रावणावर लावतो.

‘बरोबर 10 मिली’ यातल्या बरोबर या शब्दावर आम्ही बरेच दिवस दुर्लक्ष केलं. इतर चाचण्यांत रिएजंट भरपूर घातलं जातं आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. इथे मोजायचा रंगच रिएजंटचा आहे. मेजरिंग सिलिंडरने ओतताना 0.1 मिली कमी पडलं, तरी पाण्यात फ्लोराइड नसताना 0.02 ते 0.03 मिलिग्रॅम ‘दिसतं’. आता यासाठी 10 मिलीची बल्ब पिपेट वेगळी ठेवली आहे, तिच्यावर लाल टेप आहे, आणि तोंडाने ओढायला सक्त मनाई आहे. रिएजंटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र असतं.

एका दिवसाची खरी वाटणारी रीडिंग पाहू या. 0 ते 1.2 या सात बिंदूंना अनुक्रमे 0.742, 0.690, 0.644, 0.592, 0.545, 0.494 आणि 0.446. एक्सेलच्या ए स्तंभात फ्लोराइड आणि बी स्तंभात रीडिंग घालून तीनच सूत्रं लागतात :

```
=SLOPE(B2:B8,A2:A8)
=INTERCEPT(B2:B8,A2:A8)
=STEYX(B2:B8,A2:A8)
```

उतार येतो उणे 0.2463, इंटरसेप्ट 0.7410, आणि बिंदूंचं रेषेभोवतीचं विखुरणं 0.0014. सॅम्पलचं रीडिंग A आलं की फ्लोराइड असं काढायचं :

```
C = (0.7410 - A) / 0.2463
```

बिंदू रेषेवर किती बसतात ते सांगणारा R वर्ग इथे 0.9999 येतो. पूर्वी आम्हीही तो आकडा बघून वही मिटायचो. आता आधी प्रत्येक बिंदू रेषेच्या वर किती, खाली किती, ते लिहितो. या कर्व्हमध्ये एकही बिंदू 0.002 पेक्षा दूर नाही, आणि वर-खाली असे आलटून पालटून आहेत. म्हणजे हाताची आणि यंत्राची सामान्य थरथर, त्यापलीकडे काही नाही. जुन्या वहीत आम्ही 1.8 पर्यंतचे बिंदू घेऊन एकच सरळ रेषा मारलेली आहे. तिचाही R वर्ग 0.99 च्या वर होता. पण फरक मांडून पाहिले की दोन्ही टोकांचे बिंदू रेषेच्या वर आणि मधले सगळे खाली, असं धनुष्य दिसतं. ही पद्धत साधारण 1.4 पर्यंतच सरळ चालते. त्यापुढे संयुग संपत येतं, रंग तेवढ्याच वेगाने फिका होत नाही. R वर्ग हे सांगत नाही, फरकांची रांग सांगते.

याचा फटका नेमका निकालाच्या सीमेवर बसतो. समजा दोन बाटल्या आहेत. पहिलीचं रीडिंग 0.571, म्हणजे 0.170 भागिले 0.2463, फ्लोराइड 0.69. हे कर्व्हच्या मधोमध आहे, प्रश्नच नाही. दुसरीचं रीडिंग 0.377. सूत्रात घातलं की 1.48 येतं. बोअर सोडून दुसरं पाणी नसलेल्या गावाला ‘चालेल’ असं लिहून देता येईल असा आकडा. पण 0.377 हे आपल्या शेवटच्या स्टँडर्डच्या, म्हणजे 0.446 च्या, खाली आहे. तिथे रेषा आखलेलीच नाही, आपण ती मनाने लांबवली. तेच पाणी 20 मिली घेऊन 50 मिली केलं आणि पुन्हा लावलं तर रीडिंग 0.585 आलं. त्यावरून 0.633, गुणिले 2.5, म्हणजे 1.58. दुसऱ्यांदा केलं तर 0.586, म्हणजे 1.57. नुसत्या रेषेची अनिश्चितता धरली तर या आकड्याला साधारण 0.04 इकडेतिकडे. तरीही तो 1.5 च्या वरच राहतो. रिपोर्टवर 1.6 गेलं. भिंतीवरच्या कागदावर हेच पाणी पास झालं असतं.

म्हणून आमचा नियम : शेवटच्या स्टँडर्डच्या पलीकडे गेलेलं रीडिंग वहीत लिहायचं, पण त्याचं उत्तर काढायचं नाही. पातळ करून पुन्हा.

आता डिटेक्शन लिमिट, म्हणजे कमीत कमी किती फ्लोराइड ओळखता येतं. यात लॅब स्वतःलाच सर्वांत सहज फसवते. वरच्या रेषेवरून हिशेब केला, 3.3 गुणिले 0.0014 भागिले 0.2463, तर 0.02 येतं. आकडा देखणा आहे, माहितीपत्रकात शोभतो. पण तो एका दिवसाचा, एका माणसाच्या हातचा, एकाच वेळी ओतलेल्या रिएजंटचा आहे. त्यात रोजचं तापमान नाही, नवीन ब्लँक नाही, दुसऱ्याची पिपेट नाही. त्यामुळे आम्ही लिटरला 0.1 मिलिग्रॅमचं स्टँडर्ड सात वेळा, निदान तीन वेगळ्या दिवशी, सॅम्पल समजून पूर्ण पद्धतीने लावतो. उत्तरं अशी येतात : 0.09, 0.11, 0.10, 0.08, 0.11, 0.12, 0.09. सरासरी 0.10, प्रमाण विचलन 0.014. सात वेळांसाठीचा गुणक 3.143, त्याने गुणलं की 0.044. म्हणजे रेषेवरून आलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. हीच आमची खरी मर्यादा. सोबत तितकेच ब्लँकही लावतो. ब्लँकवरून काढलेली मर्यादा मोठी आली तर तीच धरायची.

पण 0.044 च्या वर काहीतरी आहे एवढंच म्हणता येतं, ‘किती’ ते नाही. किती सांगायला विचलनाच्या दहापट, म्हणजे 0.14 लागतं. रिपोर्टवर आम्ही 0.15 च्या खालचं सगळं ‘0.15 पेक्षा कमी’ असं लिहितो. काही ग्राहकांना तिथे 0.07 असा आकडा हवा असतो, किंवा चक्क शून्य. शून्य तर आम्ही कधीच लिहीत नाही.

रेषा चांगली असूनही सॅम्पल चुकतं, कारण रेषा डिस्टिल्ड पाण्यात काढलेली आहे आणि बोअरच्या पाण्यात बरंच काही असतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रंग उडवतो, रीडिंग पडतं आणि फ्लोराइड खोटंच वाढतं. त्यासाठी आधी सोडियम आर्सेनाइटचा थेंब घालतो. ते जहाल विष आहे, त्याची बाटली कुलपात असते. तुरटीने शुद्ध केलेल्या पाण्यातलं अॅल्युमिनियम उलट करतं, फ्लोराइड धरून ठेवतं आणि आकडा कमी दाखवतं. याची खूण अशी की तेच क्युव्हेट पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचलं तर फ्लोराइड वाढलेलं दिसतं. असं दिसलं की दोन तास थांबून वाचतो, आणि शंका उरलीच तर डिस्टिलेशन करून पुन्हा लावतो. ब्लँक एकाएकी खाली आला तर सिंकपाशी बघा : कुणीतरी फॉस्फेटवाल्या डिटर्जंटने फ्लास्क धुतलेले असतात.

तापमान हे या सगळ्यांत सर्वांत कमी लक्षात येणारं. मे महिन्यात एसटीच्या डिकीतून आलेली बाटली आणि फ्रिजमधून काढलेलं स्टँडर्ड शेजारी ठेवून वाचायचं नाही. दोन्ही एकाच पाण्याच्या टबात ठेवतो, थर्मामीटर सारखं झालं की मग रिएजंट.

दिवसभरात दर दहा सॅम्पलनंतर 0.8 चं तपासणी स्टँडर्ड लावतो, आणि ते कर्व्हच्या बाटलीतलं नसतं, वेगळ्या लॉटच्या सोडियम फ्लोराइडपासून केलेलं असतं. तेच मूळ द्रावण चुकीचं झालं असेल तर त्याच्यावरच तपासून काही कळणार नाही. 0.76 ते 0.84 मध्ये आलं तर पुढे जातो. बाहेर गेलं तर मागच्या तपासणीनंतरची सगळी सॅम्पल पुन्हा लावतो, त्या दिवशी घरी जायला उशीर झाला तरी.