तुम्ही विचारलंत म्हणून: पाच कोटींच्या भांडवलाचं काय करायचं?

"समोरच्या कंपनीचं ऑथोराइज्ड कॅपिटल पाच कोटी आहे. मग चाळीस लाखांचा माल उधारीवर द्यायला हरकत नाही ना?"

त्या पाच कोटींच्या भरवशावर चाळीस रुपयांचाही माल देऊ नका. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती चांगली आहे की वाईट, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

ऑथोराइज्ड म्हणजे अधिकृत भांडवल ही फक्त एक कमाल मर्यादा असते. कंपनीने दर्शनी किमतीने जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढायचे, हे तिच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे स्थापनेच्या मूळ दस्तऐवजात, लिहिलेलं असतं. ही मर्यादा वाढवायला कुणालाही कंपनीत पैसे घालावे लागत नाहीत. नियमावलीत तशी तरतूद असली की भागधारकांच्या सभेत साधा ठराव करायचा, तीस दिवसांच्या आत SH-7 हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरायचा आणि सरकारी फी व मुद्रांक शुल्क द्यायचं. म्हणजे मर्यादा वाढते त्या दिवशी कंपनीच्या खात्यातून पैसे बाहेर जातात, आत एक रुपयाही येत नाही. पुढे गुंतवणूकदार येणार असेल किंवा बँकेने प्रवर्तकांना भांडवल वाढवायला सांगितलं असेल, तर ही तयारी आधी करून ठेवणं योग्यच आहे. पण तयारी म्हणजे रक्कम नव्हे.

पैसे खरोखर आले की नाही, ते पेड-अप म्हणजे भरणा झालेल्या भांडवलाच्या आकड्यावरून कळतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मूळ माहितीत हे दोन्ही आकडे दिसतात. पाच कोटींच्या सोबत तिथे पेड-अप एक लाख असं लिहिलेलं असू शकतं, आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. पूर्वी प्रायव्हेट कंपनीला किमान एक लाखाचं पेड-अप लागायचं. 2015 च्या दुरुस्तीने तीही अट गेली.

इथे कंपनी कायद्याचं कलम 60 लक्षात ठेवा. व्यवहारात ते फार कमी लोकांना माहीत असतं. कंपनीने आपल्या लेटरहेडवर, जाहिरातीत किंवा सूचनेत अधिकृत भांडवलाचा उल्लेख केला, तर वर्गणी झालेलं, म्हणजे भागधारकांनी घ्यायचं कबूल केलेलं, आणि भरणा झालेलं भांडवलही तितक्याच ठळक अक्षरांत, तितक्याच नजरेत भरेल अशा जागी छापावं लागतं. नुसते पाच कोटी वाचून माणसाची फसगत होते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं. म्हणून तुमच्या हातात आलेल्या लेटरहेडवर एकटं अधिकृत भांडवल मिरवत असेल, तर ती चूक आहेच. शिवाय ती कुणाला प्रभावित करण्यासाठी केली असावी, याचाही विचार करा.

आता पेड-अप पाहिलं की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. मला खरी काळजी इथेच वाटते, कारण हा आकडा दोन्ही दिशांनी दिशाभूल करतो.

समजा, एका कंपनीचे दहा रुपयांचे दहा हजार शेअर आहेत. पेड-अप झालं एक लाख. मग एक गुंतवणूकदार येतो आणि आठ हजार रुपयांना एक, या भावाने अडीच हजार शेअर घेतो. कंपनीच्या बँक खात्यात दोन कोटी रुपये येतात. पण पेड-अपमध्ये प्रत्येक शेअरचे फक्त दर्शनी दहा रुपये धरले जातात, म्हणजे पंचवीस हजार. उरलेले एक कोटी नव्याण्णव लाख पंचाहत्तर हजार सिक्युरिटीज प्रीमियमच्या खात्यात जातात. मालकांनी कंपनीत घातले दोन कोटी एक लाख, आणि संकेतस्थळावर पेड-अप दिसतं सव्वा लाख. नफा वर्षानुवर्षं कंपनीतच ठेवणाऱ्या जुन्या, सशक्त कंपनीचंही असंच होतं. तिचं बळ राखीव निधीत असतं, पेड-अपमध्ये नाही.

आता उलट बाजू बघा. दुसऱ्या कंपनीचं पेड-अप तीन कोटी आहे, आणि ते रोखीने पूर्ण भरलेलं आहे. पण गेल्या काही वर्षांत तिला एकूण दोन कोटी ऐंशी लाखांचा तोटा झाला. पेड-अप तीन कोटींवरून तसूभरही हलत नाही, कारण तोटा झाला म्हणून तो आकडा आपोआप कमी होत नाही. ताळेबंदात तोटा वजा केला की भागधारकांचा निधी उरतो वीस लाख. त्याच ताळेबंदात संचालकांशी संबंधित संस्थेला दिलेली अठरा लाखांची अॅडव्हान्स रक्कम असेल आणि ती वसूल होण्याचं चिन्ह नसेल, तर तुमच्या चाळीस लाखांमागे मालकांचे म्हणून दोन लाख उभे आहेत. पेड-अप म्हणजे कधीतरी आत आलेल्या पैशांची नोंद. आज ते पैसे आहेत की नाहीत, हे ती सांगत नाही.

कधी कधी ते रोखीने आलेलेही नसतात. बोनस शेअर दिले की राखीव निधीतली रक्कम पेड-अपमध्ये सरकते. आकडा फुगतो, पण कंपनी होती तिथेच असते. काही वेळा तंत्रज्ञान, ब्रँड किंवा यंत्रसामग्रीच्या बदल्यात शेअर दिलेले असतात. मूल्यांकन प्रामाणिक असेल तर त्यात गैर काही नाही, पण तपासायला हवं. शेअरवाटपाचा PAS-3 हा फॉर्म तिथे उपयोगी पडतो, कारण शेअर रोखीने दिले की अन्य मोबदल्यात, हे त्यात लिहावं लागतं.

म्हणून त्या चाळीस लाखांसाठी मी काय करीन? थोडं शुल्क भरून संकेतस्थळावरून कंपनीने AOC-4 या फॉर्मसोबत दाखल केलेला शेवटचा ताळेबंद काढीन. त्यात भागभांडवल अधिक राखीव निधी, वजा साचलेला तोटा, हा हिशोब करीन. मग तो पैसा कशात अडकलाय ते पाहीन, विशेषतः संबंधित व्यक्तींना दिलेल्या रकमा. ताळेबंद दोन वर्षं जुना असेल आणि नवा दाखलच झाला नसेल, तर विक्रीच्या गप्पा थांबवून आधी तो मागीन. आणि शेअर पूर्ण भरलेले असतील तर कंपनी बुडाल्यावर भागधारकाकडून आणखी काही मागता येत नाही, हे ध्यानात ठेवून लहान कंपनीच्या बाबतीत संचालकाची वैयक्तिक हमी लेखी घेईन.

एक तपासणी मात्र चांगल्या ताळेबंदानंतरही करा. त्याच संकेतस्थळावर कंपनीच्या मालमत्तेवरच्या बोजांची यादी असते. साठा आणि येणी आधीच बँकेकडे तारण असतील, तर वेळ आल्यावर त्यांच्या विक्रीतून आधी बँकेचे पैसे फिटतील आणि उरलेल्यात तुमचा नंबर लागेल. तशा कंपनीला माल द्यायचाच असेल, तर उधारीची मर्यादा त्या उरलेल्या भागाकडे बघून ठरवा.