ठाणे ते श्रीवर्धन: वहीतल्या नोंदींसकट

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर हा फेरा ठाणेकरांना नवा नाही. शुक्रवारी पहाटे निघायचं, दोन मुक्काम करायचे, रविवारी रात्रीपर्यंत घरी. समुद्र, सोलकढी आणि सूर्यास्त यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. या वेळी आम्ही वही ठेवली होती. तिच्यात काय लिहिलं आणि त्यातलं पुढे कशाला उपयोगी पडलं, ते सांगतो.

वही म्हणजे खिशात मावेल अशी साधी, दोऱ्याने शिवलेली. डावं पान दिवसाच्या नोंदींचं, उजवं खर्चाचं. शेवटची दोन पानं कोरी, वर फक्त मथळा: ‘पुढच्या वेळी’. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण गाडीत पुढे बसलेल्याकडे वही-पेन दिलं की काम त्याच्याकडे जातं आणि चालवणारा मोकळा राहतो. आमच्याकडे हे खातं मुलीकडे होतं. तिचं अक्षर डॉक्टरला लाजवेल असं आहे, पण आकडे नीट काढते.

डाव्या पानावर पहिल्या दिवशी वर्णन जवळपास नाहीच, नुसत्या वेळा आहेत. ठाणे ५.२०. पळस्पे फाटा ६.०५. वडखळ ६.४५. कोलाडला नाश्ता ७.३५ ते ८.१०. माणगाव ८.५०. तिथून म्हसळ्यावरून श्रीवर्धन १०.२५. ‘पाच तास लागले’ एवढंच लिहिलं असतं तर त्याचा काही उपयोग नव्हता. टप्प्याटप्प्याने लिहिल्यावर दिसतं की माणगाव सोडल्यानंतरच्या साधारण पन्नास किलोमीटरना दीड तास गेला. रस्ता वळणांचा आहे, मागे बसलेल्यांना मळमळतं, थांबावं लागतं. म्हणजे उशीर होतो तो हायवेवर नाही, शेवटच्या टप्प्यात. ‘पुढच्या वेळी’च्या पानावर त्यातून एक ओळ गेली: कोलाडला मिसळ नको, पोहे किंवा इडली, पोटभर खाणं श्रीवर्धनला पोहोचल्यावर.

घरगुती खाणावळींबद्दलही एक नोंद आहे. तिथे जेवण आधी सांगावं लागतं. दुपारचं सकाळीच, रात्रीचं दुपारी, आणि किती पानं ते नक्की. ऐन वेळी सहाजण जाऊन बसलात तर वरणभात मिळेल, मासे मिळतीलच असं नाही. आम्ही माणगावहूनच फोन केला. वहीत त्या फोनची वेळ आहे आणि पुढे ‘सुरमई मिळाली’ असंही लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशीचं पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यात भरती-ओहोटी आहे. हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं, असा रिवाज आहे. देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते. डोंगर चढून ती कातळातल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते, आणि पुढचा भाग लाटांनी कोरलेल्या खडकांवरून आहे. ही वाट ओहोटीलाच करता येते. भरती चढत असताना तिथे असणं जिवावर बेतू शकतं.

वेळ कशी काढायची? कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो की वद्य, दोन्हींकडे तसंच. आम्ही गेलो त्या दिवशी एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी अडीच. प्रत्यक्षात आम्ही एक वाजता खाली उतरलो तेव्हा कातळ बऱ्यापैकी उघडा होता आणि पाणी अजून मागे जात होतं. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता बघायचाच आणि देवळापाशी विचारायचं. पावसाळ्यात किंवा समुद्र खवळलेला असताना तर हा हिशेब बाजूलाच ठेवायचा. पाणी मागे जात असताना उतरायचं आणि ओहोटीचा तळ गाठायच्या आत वर यायचं, म्हणजे हाताशी वेळ राहते. खालच्या पायरीपर्यंत तुषार येत असतील तर वरूनच नमस्कार करून परत फिरा.

आमची वेळ बरोबर होती, पण ऊन डोक्यावर होतं. सासूबाई निम्म्या वाटेवरून परत फिरल्या, कारण कातळ तापला होता. वहीत मुलीने लिहिलंय: ‘आजी म्हणाली, देव सकाळी पण असतो.’ त्यावर रात्री बसून मी पुढची तिथी काढली. सकाळी दहाच्या आसपास ओहोटी हवी असेल तर भरती पावणेचारला हवी, म्हणजे पंचमी. षष्ठीला ओहोटी पावणेअकराला येते, तीही चालेल. सप्तमी-अष्टमीला मात्र भांगाची भरती-ओहोटी असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे कातळ पुरता उघडा पडेलच असं नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा पाणी सर्वांत मागे जातं खरं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि अंधारात त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. ‘पुढच्या वेळी’ खाली ओळ पडली: आई सोबत असेल तर पंचमी-षष्ठीचा शनिवार बघून रजा टाकणे.

नोंद लिहिताना मी एवढं पाहतो, की तिच्यात अट आहे का. ‘हरिहरेश्वर छान’ ही नोंद नव्हे. ‘दिघीची फेरी चांगली’ हीसुद्धा नाही. रविवारी आम्ही दिवेआगरहून दिघीला आलो, तिथून गाडी बोटीत घालून आगरदांड्याला उतरलो आणि मुरूड, रेवदंडा, अलिबाग करत वडखळला लागलो. खाडी ओलांडायला वेळ लागत नाही, लागतो तो रांगेत. जेट्टीवर १०.४०, गाडी बोटीत १२.०५. म्हणून नोंद अशी: रविवारी दहानंतर दिघी नको, उशीर झालाच तर माणगावचा रस्ता धरणे, शुक्रवारी जाताना फेरी घेऊन येताना माणगावने येणे, हे करून बघणे. शेवटचं अजून करून पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

आता उजवं पान. ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद फोनमध्ये राहते, वेगळं कशाला लिहायचं, असं वाटतं. पण आठवड्याने यादी उघडली की त्यात माणसांची नावं दिसतात. त्यातली खाणावळ कोणती आणि नारळपाणीवाला कोण, हे कळत नाही. शिवाय काही ठिकाणी रेंज नसते, तिथे रोखच द्यावी लागते. म्हणून दिल्या दिल्या एक ओळ: कशाचे, किती, रोख की ऑनलाइन.

रोख रकमेचा मेळ रोज रात्री घालायचा. निघताना खिशात ८,००० होते, घरी परतल्यावर १,३५० उरले, म्हणजे रोखीने ६,६५० गेले. वहीत लिहिलेले भरले ६,२१०. उरलेले ४४० चहा, शेंगा, स्वच्छतागृह यांत गेले. ते शोधत बसायचं नाही, ‘किरकोळ’मध्ये टाकायचे. फरक हजारावर गेला तर मात्र एखादं जेवण लिहायचं राहिलंय, आणि ते त्याच रात्री आठवतं.

पेट्रोलसाठी निघताना टाकी काठोकाठ भरली आणि परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच. ४६२ किलोमीटर, ३० लिटर, ३,१२० रुपये. नकाशावर अंतर ४०० दिसत होतं. वरचे ६२ किनाऱ्यावरच्या येरझारांत, औषधांच्या दुकानात आणि चुकलेल्या वळणांत गेले. नकाशाच्या आकड्यावर शेकडा पंधरा धरलेले बरे.

एकूण खर्च २१,००० आला, खरेदी सोडून. श्रीवर्धनची रोठा सुपारी आणि कोकम वेगळ्या पानावर लिहिलं, कारण तो सहलीचा खर्च नाही, हौसेचा आहे. सहाजणांत भागले तर माणशी ३,५००. इथवर बहुतेकजण लिहितात आणि थांबतात.

पुढच्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला. ‘भाऊजी, आम्ही दोघंच जातोय, सात हजारांत होईल ना?’ माणशी साडेतीन हजार त्याला माझ्या बायकोनेच सांगितले होते. मी वही काढली. खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे मी एक अक्षर घालून ठेवलं होतं: गा म्हणजे गाडीमागे, खो म्हणजे खोलीमागे, पा म्हणजे पानामागे. गाडीचे, म्हणजे पेट्रोल, फेरी, पार्किंग मिळून ३,६००. गाडीत दोघं बसा नाहीतर पाच, हे जवळपास तेवढेच. खोली शुक्रवारी २,००० आणि शनिवारी २,४००. आमच्या दोन खोल्या, म्हणून ८,८००. जेवण-नाश्त्याचे ७,५००. चार मोठे आणि अर्ध्या पानाची दोन मुलं, अशी पाच पानं, म्हणजे तीन दिवसांचे पानामागे १,५००. किरकोळ १,१००.

दोघांसाठी मांडलं: गाडी ३,६००, एक खोली ४,४००, दोन पानं ३,०००, किरकोळ ४००. झाले ११,४००. तो सात हजार घेऊन निघाला असता तर परतीचं पेट्रोल उसनं भरावं लागलं असतं.

‘मग बसने जाऊ का?’ त्याने विचारलं. त्याचा हिशेब माझ्या वहीत नाही, असं सांगितलं. पण खोली आणि पानांच्या ओळी तशाच राहतात, बदलते फक्त ‘गा’. तिथे दोन तिकिटं आणि स्थानिक रिक्षा धरायच्या. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर आणि दिवेआगर दोन विरुद्ध दिशांना आहेत, त्यामुळे रिक्षाचे पैसे कमी समजू नयेत.

खोलीच्या भाड्यापुढे वार आणि महिना लिहायला विसरू नका. नाताळात आणि मे महिन्यात तीच खोली त्या भावात मिळत नाही, आणि वर्षभराने नुसता ‘२,४००’ वाचून कोणालाच काही कळत नाही. मेहुणा गेला तो गुरुवारी, एकच मुक्काम करून आला. परतल्यावर त्याच्याकडून खोलीचा भाव विचारून घेतला आणि आमच्या ओळीखाली वेगळ्या शाईने लिहिला: गुरुवार, १,७००.